सगळ्यांशी पटणारी मॅट्रिक्स

संख्यांच्या गुणाकारात आधी कोण आणि नंतर कोण, याने फरक पडत नाही. मॅट्रिक्सच्या गुणाकारात मात्र बहुतेक वेळा पडतो. मग असा प्रश्न विचारता येतो: व्यस्त असलेल्या सगळ्या मॅट्रिक्सपैकी अशी कोणती, जिला कोणाही बरोबर, कुठल्याही क्रमाने गुणले तरी उत्तर तेच येते? अशा मॅट्रिक्सच्या गटाला केंद्र म्हणतात. त्यात फक्त अदिश मॅट्रिक्स असतात, म्हणजे कर्णावर सगळीकडे एकच संख्या (शून्य सोडून) आणि बाकी सगळी शून्ये.

अदिश मॅट्रिक्स केंद्रात असतात हे उघडच आहे. तिने गुणणे म्हणजे प्रत्येक घटकाला त्या एका संख्येने गुणणे. खरे काम आहे ते दुसरी कोणी तिथे नाही हे दाखवण्याचे.

त्यासाठी सगळ्या मॅट्रिक्स तपासायची गरज नाही, मोजक्या साक्षीदार पुरतात. 2×2 मध्ये A च्या वरच्या ओळीत a, b आणि खालच्या ओळीत c, d असू द्या. साक्षीदार T घेऊ: वरची ओळ 1, 1 आणि खालची 0, 1. पत्त्यांचा जुडगा तिरका सरकवावा तशी ती प्रतलाला सरकवते. उलट सरकवली की सारे पूर्ववत, म्हणून तिला व्यस्त आहे.

```
AT = [ a    a+b ]     TA = [ a+c  b+d ]
     [ c    c+d ]          [ c    d   ]
```

दोन्ही सारखे हवेत. डावीकडचा वरचा घटक पाहा: a = a+c, म्हणून c = 0. उजवीकडचा वरचा पाहा: a+b = b+d, म्हणून a = d. आता तोच 1 खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून दुसरी साक्षीदार घ्या; तिने b = 0 होते. A अदिश ठरली.

मोठ्या मॅट्रिक्सचीही हीच रीत. एकक मॅट्रिक्समध्ये कर्णाबाहेर एकाच जागी 1 ठेवायचा आणि ती जागा बदलत जायची. दर वेळी काही घटक शून्य होतात आणि कर्णावरचे दोन घटक सारखे ठरतात.

अनेकांना आधी कर्णावर वेगवेगळ्या संख्या असलेली मॅट्रिक्स सुचते. वास्तव संख्यांवर तिने A चे कर्णाबाहेरचे घटक शून्य होतात, पण कर्णावरचे सारखे आहेत हे तरीही सिद्ध होत नाही. शिवाय क्षेत्रात फक्त 0 आणि 1 असतील (तिथे 1+1 = 0), तर व्यस्त असलेली कर्णमॅट्रिक्स एकच, ती म्हणजे एकक, आणि तिच्याकडून काहीच कळत नाही. सरकवणाऱ्या साक्षीदाराला फक्त 0 आणि 1 लागतात. ते प्रत्येक क्षेत्रात असतातच, म्हणून मला हीच वाट चोख वाटते.

त्या दोन घटकांच्या क्षेत्रावर व्यस्त असलेल्या 2×2 मॅट्रिक्स 6 आहेत आणि केंद्रात एकटी एकक मॅट्रिक्स. पाच घटकांच्या क्षेत्रावर त्या 480 होतात आणि केंद्रात 4.