बुटाच्या खोक्यातली बिलं

किराणा दुकानदाराच्या बुटाच्या खोक्यात वर्षभराची बिलं साठतात आणि 31 मार्च जवळ आला की ती लावायचं काम मुलीकडे येतं. आधी ती घरखर्चाच्या पावत्या बाजूला काढते, कारण त्या धंद्याच्या खर्चात धरता येत नाहीत. मग खरेदीची बिलं व्यापाऱ्यानुसार आणि तारखेनुसार लागतात. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, त्यांची झेरॉक्स वेळीच काढलेली बरी.

खरी मेहनत पुढे असते. समजा, 18,000 रुपयांचं खाद्यतेल घेतलं आणि त्यावर 5 टक्क्यांनी 900 रुपये जीएसटी भरला. बिल हातात आहे, पण पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये ते दिसत नाही. बिलाचा वरचा भाग पाहिला की कारण कळतं: दुकानाचा जीएसटी क्रमांकच तिथे नाही. घाऊक व्यापाऱ्याने ही विक्री साध्या गिऱ्हाइकाची म्हणून दाखवली.

“अण्णा, त्यांना आजच फोन करा,” मुलगी सांगते. व्यापाऱ्याने विवरणपत्रात दुरुस्ती केल्याशिवाय ते 900 रुपये वजा मिळत नाहीत. त्याची मुदत उशिरात उशिरा पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते. कंपोझिशन योजनेतल्या दुकानाला मात्र ही वजावट मुळातच नाही.