टाकी भरायला किती मिनिटं लागतात?

हातात इलेक्ट्रिशियनचं किंवा मेकॅनिकचं काम आहे, पण गाळा घ्यायला डिपॉझिट नाही. अशा माणसाला बहुतेक जण सांगतात की घरोघरी जाऊन पंखे, मिक्सर, गीझर दुरुस्त कर. कामं मिळतातही. पण एका पंख्याचा कपॅसिटर बदलायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, तिथे दीडशे रुपयांवर घासाघीस करायची आणि ते गिऱ्हाईक पुढची दोन वर्षं दिसणार नाही. पेट्रोल आणि वेळ यांतच कमाई जिरते. ज्याला दुकान नाही त्याने वस्तू जागची हलवता येत नाही असं काम धरावं, कारण तिथे दुकानदारालाही गिऱ्हाइकाकडेच यावं लागतं. दुकान नसल्याने तुमचं काही अडत नाही.

असं काम म्हणजे सोसायटीचा पाण्याचा पंप. शहरात, तालुक्याच्या गावात चार-पाच मजल्यांच्या इमारतींत खाली जमिनीतली टाकी, वर गच्चीवरची टाकी आणि मध्ये दोन मोनोब्लॉक पंप असतात. पंप अर्धा विजेचा, अर्धा यंत्राचा. त्यामुळे इलेक्ट्रिशियनला गळकं सील कळायला हवं आणि मेकॅनिकला स्टार्टर. तो बंद पडला की सकाळी सातच्या आत सगळी इमारत चेअरमनच्या दारात. त्या वेळी जो येईल त्याला समिती हवे तेवढे पैसे देते, पण असा प्रसंग वर्षातून दोनदाच येतो. पोट भरायचं तर पंप बंद पडल्यावर जायचं नाही, तो बंद पडू नये म्हणून दर महिन्याला जायचं आणि त्याचा वार्षिक करार करायचा.

समिती म्हणेल, पंप चालू असताना महिन्याला पैसे कशाचे? याचं उत्तर एका वहीत असतं.

एक उदाहरण घेऊ. 24 फ्लॅटची इमारत, 3 हॉर्सपॉवरचा थ्री-फेज पंप, गच्चीवर 15 हजार लिटरची टाकी. पहिल्या भेटीत काही दुरुस्त करायचं नाही, फक्त मोजायचं. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घ्यायचा. अशा पंपाला साधारण साडेचार ते पाच अँपियर लागतो, नेमका आकडा मोटरच्या पाटीवर असतो. फेज-फेजमधलं व्होल्टेज घ्यायचं. आणि रिकामी टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते वॉचमनकाकांना विचारायचं. हा तिसरा आकडा सर्वांत मोलाचा. पंप रोज चालू-बंद करणारा माणूस तोच असतो, त्यामुळे त्याच्याशी पहिल्या दिवसापासून नीट वागावं. पंपाचा आवाज बदलल्याचं त्याला चेअरमनच्या आठ दिवस आधी कळतं.

समजा वहीत नोंद झाली: 4.6 अँपियर, 415 व्होल्ट, 70 मिनिटं. तिसऱ्या महिन्यात आकडे आले 3.9 अँपियर, 410 व्होल्ट, 95 मिनिटं. रहिवाशांची अजून काही तक्रार नाही, पाणी येतंय. पण वही बोलते. वेळ वाढला आणि करंट उतरला, म्हणजे मोटर ठीक आहे. तिला उचलायला पाणीच पुरेसं मिळत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाचा स्वभावच असा, पाणी कमी तर भार कमी आणि भार कमी तर करंट कमी. म्हणून बिघाड शोधायचा तो पाणी आत येण्याच्या वाटेवर. खालच्या टाकीत पाणी आहे का ते आधी पाहायचं. मग पंप बंद करून प्रायमिंगचं बूच उघडायचं आणि आतलं पाणी थांबतंय की हळूहळू खाली जातंय ते बघत पाच मिनिटं उभं राहायचं. खाली गेलं तर फूट व्हॉल्व्ह पाणी धरत नाही.

सक्शन पाइप वर ओढला की बऱ्याचदा जाळीत प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा सापडतो. तो जाळी अर्धी झाकतो आणि त्याचा कोपरा झडपेत अडकून ती पूर्ण मिटू देत नाही. तुकडा काढा, झडप पुसा, जागेवर बसवा. सुटा भाग एकही लागला नाही. मग पुन्हा मोजा आणि 70 मिनिटांची नोंद समितीच्या सेक्रेटरींना दाखवा. हे राहून गेलं असतं तर एका सकाळी पंप कोरडाच फिरला असता. पाण्यावाचून फिरणारं मेकॅनिकल सील काही मिनिटांत तापून जातं आणि तिथून गळणारं पाणी पुढे बेअरिंगमध्ये उतरतं.

उलट चित्र असेल, म्हणजे करंट वाढला असेल, तर अर्थ वेगळा. व्होल्टेज उतरलं की भाराखालची मोटर जास्त करंट ओढते, म्हणून व्होल्टेज आधी पाहायचं. ते ठीक असेल तर पंप बंद करून, लाइन तोडून, शाफ्ट हाताने फिरवायचा. जड फिरला किंवा खरखरला तर बेअरिंग.

आणि तिसरा प्रकार, ज्यात सर्वांत जास्त मोटरी जळतात. पंप सुरू होतो, थोड्या वेळात ट्रिप होतो. कुणीतरी येतो, स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेची चकती पाचवरून आठवर फिरवतो, पंप चालू करून पैसे घेऊन जातो. दोन दिवस सगळे खूश, तिसऱ्या दिवशी वाइंडिंगचा वास. रिले चुकीची नव्हती, ती ओरडून सांगत होती. अशा वेळी चकतीला हात लावण्याआधी तिन्ही फेजचा करंट बघावा. एकावर शून्य आणि उरलेल्या दोनांवर नेहमीच्या पावणेदोन पट असेल, तर एक फेज गेली आहे. ती महावितरणच्या खांबावर गेली, फ्यूजमध्ये गेली की कॉन्टॅक्टरचा पॉइंट जळून गेली, हे शोधायचं. इथे एक फसगत होते. फिरती मोटर गेलेल्या फेजवरही स्वतः व्होल्टेज उभं करते, त्यामुळे मीटर जवळपास पूर्ण आकडा दाखवतो आणि माणूस म्हणतो, तिन्ही फेज तर आहेत! म्हणून पुरवठा तोडून मोटरच्या वायरी सोडवाव्यात आणि मगच पुरवठा देऊन कॉन्टॅक्टरच्या वर आणि खाली मोजावं. वर तिन्ही आहेत आणि खाली नाहीत, तर चोर कॉन्टॅक्टर.

मोटर जळालीच तर ती तुम्ही भरायची नाही. वाइंडिंगला जागा, ओव्हन, व्हार्निश लागतं. गावातल्या चांगल्या वाइंडरशी आणि एका लेथवाल्याशी बोलून ठेवावं. मोटर खोलून नेणं, भरून आणणं, बसवणं हे तुमचं काम. वाइंडरचं बिल सोसायटीच्या नावाने थेट घ्यावं, म्हणजे मधल्या कमिशनचा संशय राहत नाही. परत आलेली मोटर बसवण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध बघावा. एक मेगओहमच्या खाली असेल तर घेऊ नये; नव्याने भरलेल्या मोटरीचा आकडा त्याच्या कितीतरी वर यायला हवा.

करारात चार गोष्टी लिहिलेल्या बऱ्या: महिन्याला एक भेट, बिघाड झाल्यास किती तासांत येणार, सुट्या भागांचे पैसे बिलाप्रमाणे वेगळे, आणि वाइंडिंग करारात नाही. रक्कम गावागणिक बदलते. पण महिना 1,500 धरला तर 24 फ्लॅटमध्ये एका घराला साडेबासष्ट रुपये पडतात, आणि समितीशी बोलताना हाच आकडा सांगावा. अशा 12 इमारती जमल्या तर महिन्याला 18 हजार, आणि त्यासाठी ठरलेल्या भेटी फक्त 12. उरलेल्या दिवसांत कॉलची कामं. इमारती एकाच भागात हव्यात. अर्ध्या तासात पोचतो असं लिहून द्यायचं आणि मग नदीपलीकडची सोसायटी घ्यायची, हे जमत नाही.

कागदाची बाजू थोडी आहे, पण टाळता येत नाही. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू त्याच क्षमतेची बदलणं वेगळं. नवी केबल ओढणं, पॅनेल बदलणं, भार वाढवणं ही कामं कायद्याने परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावी लागतात. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र म्हणजे हा परवाना नव्हे. तो मिळेपर्यंत अशा कामांसाठी एखाद्या ठेकेदाराशी जोडून घ्यावं. सोसायटीला ऑडिटसाठी बिल लागतं, पैसे चेकने येतात. त्यासाठी घरच्या पत्त्यावर उद्यम नोंदणी करता येते आणि सरकारी पोर्टलवर ती मोफत असते. कुणी एजंट हजार रुपये मागत असेल तर देऊ नये.

दोन धोके मात्र वहीत मावत नाहीत. पहिला, बऱ्याच जुन्या इमारतींत टाकीत सोडलेल्या फ्लोट स्विचमध्ये थेट 230 व्होल्ट खेळतात. केबलची चामडी फाटली की टाकीचं पाणीच जिवंत. पहिल्याच भेटीत हे बघावं, कमी व्होल्टेजचा लेव्हल कंट्रोलर आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी लेखी सुचवावा, आणि त्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवावी. दुसरा, फूट व्हॉल्व्ह काढायला जमिनीतल्या टाकीत उतरणं. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि आत गेलेल्याला ते कळायच्या आत शुद्ध जाते. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. सक्शन पाइप बाहेरून ओढून काढता येईल असा युनियन जोड बसवून घ्यावा. वर माणूस उभा केल्याशिवाय, झाकणं उघडून हवा खेळवल्याशिवाय आत पाय घालू नये, मग चेअरमन कितीही घाई करोत.

हाच हिशोब जनरेटरला, लिफ्टखालच्या खड्ड्यातल्या पंपाला, शाळा-मंगल कार्यालयांच्या मोटरींना लागू पडतो. मेकॅनिकने सुरुवात जनरेटरपासून केली तरी चालेल. पण करार घेताना एक पाहून घ्यावं. ज्या सोसायटीत एकच पंप आहे, तिथे बिघाड झाला की पाइपपासून वाइंडरपर्यंत सगळं एका रात्रीत उरकावं लागतं आणि दोष तुमच्या माथी येतो. दोन पंप असतील तर मोटर तीन दिवस वाइंडरकडे राहिली तरी कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत दुसरा पंप बसवायला सांगावं. नाही म्हणाले, तर वार्षिक करार न करता कॉलप्रमाणे पैसे घ्यावेत, आणि तेही वाइंडिंगची जबाबदारी नाही असं लिहून घेऊनच.