मेमरीच्या दारावरचा पहारेकरी

नेटवर्क कार्डावर येणारा डेटा रॅममध्ये कोण ठेवतं? प्रोसेसर, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कार्ड स्वतःच तो थेट मेमरीत लिहून मोकळं होतं आणि मग प्रोसेसरला कळवतं. हाच डीएमए. संगणकाचा वेग बराचसा याच्यावर उभा आहे. पण कार्डाला आडकाठी नसेल, तर ते मेमरीतलं काहीही वाचू शकतं, अगदी पासवर्डसुद्धा.

2016 मध्ये उल्फ फ्रिस्क या संशोधकाने हे मॅकवर करून दाखवलं. लॉक केलेल्या मॅकच्या थंडरबोल्ट पोर्टला त्याने आपलं उपकरण जोडलं, मॅक रीस्टार्ट केला आणि डिस्कचा पासवर्ड मिळवला. मॅकओएस सुरू झालं की डीएमएवर पहारा बसत असे. त्याआधी चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये मात्र तो नव्हता. जुना पासवर्ड तेवढे काही क्षण मेमरीत तसाच पडून होता. डिसेंबरमधल्या 10.12.2 आवृत्तीने ही फट बुजवली.

हा पहारा म्हणजे आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते. उपकरण मेमरीतला जो पत्ता मागतं, तो आयओएमएमयू त्या उपकरणासाठी लावून दिलेल्या तक्त्यात शोधतो. सापडला तर खऱ्या पत्त्यात बदलून पुढे पाठवतो, नाही तर मागणी तिथेच फेटाळतो.

गंमत अशी, की याच तक्त्यामुळे अख्खं ग्राफिक्स कार्ड एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करता येतं. त्या मशीनला वाटतं, आपली मेमरी शून्यापासून सुरू होते. खरी जागा भलतीकडेच असते. मशीनमधला ड्रायव्हर कार्डाला हे काल्पनिक पत्ते देतो, आणि आयओएमएमयू ते वाटेतच खरे करतो. तो नसता, तर कार्डाने यजमान यंत्रणेच्याच मेमरीवर लिहिलं असतं. चोराला अडवणं आणि पाहुण्याला नेमक्या खोलीत पोचवणं, दोन्ही कामं एकच तक्ता करतो.

म्हणूनच फर्मवेअरमध्ये दोन वेगळे पर्याय दिसतात. व्हीटी-एक्स (एएमडीवर एसव्हीएम) प्रोसेसरसाठी, तर व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू उपकरणांसाठी. नुसता पहिला चालू असेल, तर व्हर्च्युअल मशीन झकास चालते, पण कार्ड तिला देता येत नाही. व्हीटी-डी बंद असेल, तर फर्मवेअर त्याची माहिती ऑपरेटिंग सिस्टीमला देतच नाही. सोय चिपमध्ये असूनही नसल्यासारखी. लिनक्सवर हे असं तपासता येतं:

```
ls /sys/kernel/iommu_groups
```

यादी रिकामी आली, तर आयओएमएमयू कामाला लागलेला नाही. विंडोजवर `msinfo32` उघडून `Kernel DMA Protection` ही ओळ पाहावी.

यादीत आकडे दिसले, तर तो प्रत्येक आकडा म्हणजे उपकरणांचा एक गट. एका गटातली उपकरणं आयओएमएमयूपर्यंत न येताच आपसात बोलू शकतात, त्यामुळे त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची हमी तो देऊ शकत नाही. ग्राफिक्स कार्डाच्याच गटात डिस्कचा कंट्रोलर आला, तर कार्डासोबत तोही यजमानाला सोडावा लागतो.