‘वुड’ला प्रसंग लागतो
‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड, आय वुड हॅव अ बायसिकल.’ सांगायचं असतं एवढंच, की लहानपणी माझ्याकडे सायकल होती. पण इंग्रजी कानाला हे वाक्य खटकतं. ‘असती’ असं काहीतरी ऐकू येतं आणि ऐकणारा पुढच्या ‘जर’ची वाट बघत राहतो. इथे ‘यूज्ड टू हॅव’च हवं.

शाळेत मात्र ‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’ दोन्ही जुन्या सवयींसाठी चालतात, असं एका दमात सांगून टाकतात. ते अर्धंच खरं आहे. ‘यूज्ड टू’ फक्त एवढंच म्हणतं, की ही गोष्ट पूर्वी होती, बहुधा आता नाही. मग ती गोष्ट कृती असो की स्थिती. ‘वुड’चं तसं नाही. ते ‘विल’चं भूतकाळी रूप. ‘विल’मध्ये मुळात इच्छा आहे, आणि त्यातूनच ‘वेळ आली की माणूस हे करणारच’ असा स्वभावाचा अर्थ आला. म्हणून ‘वुड’ला पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग लागतो. सायकल माझ्याकडे सलग होती. ती दर रविवारी नव्याने ‘असत’ नव्हती. प्रसंगच नाही, तर ‘वुड’ने टेकावं कशावर?

हा फरक आपल्या कानाला नवा नाही. ‘गावात आमचं दुकान होतं, बाजारच्या दिवशी तिथे गर्दी असायची,’ असं आपण सहज बोलतो. दुकान ‘होतं’, गर्दी ‘असायची’. दुकान कायमचं, गर्दी आठवड्याला येणारी. इंग्रजीत पहिल्याला ‘वुई यूज्ड टू हॅव अ शॉप’, दुसऱ्याला ‘ऑन मार्केट डेज इट वुड बी क्राउडेड’.

म्हणजे ‘वुड’पुढे ‘बी’ किंवा ‘हॅव’ कधीच येत नाही, हा नियमही खरा नाही, आणि तो पाठ करून घेणं मला चुकीचं वाटतं. ‘वुई वुड हॅव टी ॲट फोर’ अगदी बरोबर आहे, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं नव्हे, पिणं. आणि चार रोजच वाजतात. क्रियापदाकडे बघून भागत नाही. वाक्यात ‘दर वेळी’ घालून बघावं. ‘दर वेळी गर्दी असायची’ जमतं, ‘दर वेळी आमचं दुकान होतं’ जमत नाही.

आठवण लांबवर सांगताना इंग्रजी लेखक बहुतेकदा दोन्ही वापरतात. आधी ‘यूज्ड टू’ने काळ उभा करायचा: ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू लिव्ह विथ अस.’ मग त्या काळातले प्रसंग ‘वुड’ने: ‘एव्हरी ईव्हनिंग ही वुड टेल अस अ स्टोरी.’ काळ उभा न करता एकदम ‘ही वुड टेल अस अ स्टोरी’ म्हटलं, की पुन्हा तो ‘जर’ डोकावतो.

आणि मुदत मोजून सांगायची असेल, तर दोन्ही बाजूला ठेवायची. आजोबा पाच वर्षं आमच्याकडे राहिले, याला साधं ‘ही लिव्ह्ड विथ अस फॉर फाइव्ह इयर्स’.