पिनकोडच्या रकान्यात अडकलेला अर्ज

पुण्यातल्या सदाशिव पेठेत राहणारी एक आई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवर भरते आहे, असं समजा. अठ्ठावीस रकाने भरून झाले आणि तिने ‘सबमिट’ दाबलं. पान सर्रकन वर गेलं आणि लाल अक्षरांत एकच ओळ उमटली : ‘कृपया वैध माहिती भरा.’ कुठली माहिती, याचा पत्ता नाही. नाव तपासलं, जन्मतारीख तपासली, सगळं बरोबर. अर्ज अडला होता तो दोन जागी. पिनकोड तिने 411 030 असा मध्ये जागा सोडून लिहिला होता आणि पत्त्यात ‘फ्लॅट नं. 4/ब’ अशी तिरकी रेघ होती.

असे फॉर्म तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून ठामपणे सांगते : यात तिची एकही चूक नाही. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि तेव्हापासून कितीतरी माणसं तो तीन-तीन आकडे तोडून लिहितात, कारण तसा तो वाचायला सोपा जातो. मधली जागा काढून टाकणं संगणकाला क्षणाचंही काम नाही. कुणी ४११०३० असे देवनागरी आकडे लिहिले, तर तेही त्याला बदलून घेता येतात. जे संगणकाला निस्तरता येतं, त्यासाठी माणसाला परत पाठवायचं नाही.

तिरक्या रेघेची गोष्ट जरा वेगळी. अशा चिन्हांच्या आडून कुणी घातक आज्ञा डेटाबेसमध्ये घुसवेल, या भीतीने प्रोग्रामर ती बंद करून टाकतात. भीती खोटी नाही, पण उपाय चुकीच्या जागी केला आहे. भरलेला मजकूर आणि डेटाबेसला दिलेली आज्ञा एकमेकांपासून वेगळी ठेवली, की रेघ निरुपद्रवी होते. आपल्या पत्त्यांत तिरकी रेघ, टिंब, स्वल्पविराम असायचेच.

आता खरी चूक घेऊ. तिने 41130 लिहिलं, एक आकडा राहिला. इथे ‘अवैध पिनकोड’ म्हणण्याऐवजी ‘पिनकोडमध्ये सहा आकडे लागतात, तुम्ही पाच भरले आहेत’ असं लिहिलं, तर ती लगेच आकडे मोजते. आकड्यांऐवजी अक्षर आलं तर संदेश वेगळा हवा, रकाना रिकामा राहिला तर आणखी वेगळा. एका रकान्यासाठी तीन-चार वाक्यं लिहावी लागतात आणि हे काम आम्ही बहुतेक जण शेवटच्या दिवसावर ढकलतो.

तपासणी फार कडक करण्यातही धोका आहे. ‘४०ने सुरू होणारा पिनकोड म्हणजे महाराष्ट्र’ असा नियम कुणी लावला, तर पणजीचा माणूस अडकतो, कारण गोव्याचे पिनकोड ४०३ने सुरू होतात. राज्य आणि पिनकोड जुळत नसतील, तर ‘दोन्ही एकदा पाहून घ्या’ एवढंच सुचवावं. वाट बंद करू नये.

संदेश कधी दाखवायचा, हेही ठरवावं लागतं. पहिला आकडा टाकताच रकाना लाल झाला, तर माणूस बिचकतो. तो पुढच्या रकान्यात गेला की मग सांगावं, आणि दुरुस्ती होताच संदेश लगेच पुसावा. जागा त्या रकान्यालगतचीच हवी. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांवर तो रकान्याच्या वर असतो, आणि पानाच्या माथ्यावर सगळ्या चुकांची यादी असते. यादीतल्या ओळीवर बोट ठेवलं, की थेट त्या रकान्यात पोचता येतं. लांब अर्जात याच्याइतकी सोयीची दुसरी रीत मी पाहिलेली नाही. नुसत्या लाल चौकटीवर मात्र भिस्त ठेवू नये. काहींना लाल-हिरवा फरक दिसत नाही. आणि अंध व्यक्तीच्या फोनमधलं वाचक सॉफ्टवेअर तो संदेश रकान्याबरोबर वाचून दाखवेल, अशा रीतीने दोन्ही कोडमध्ये जोडलेले असावे लागतात.

सगळ्यात जिव्हारी लागतं ते भरलेलं पुसलं जाणं. एका पिनकोडपायी सत्तावीस रकाने पुन्हा भरायला लावणं हा अन्याय आहे. जोडलेल्या फायलींची इथे खास काळजी घ्यावी लागते. पान नव्याने उघडलं, की सुरक्षेसाठी ब्राउझर निवडलेली फाइल परत भरू देत नाही. म्हणून उत्पन्नाचा दाखला एकदा चढवला, की तो तिथल्या तिथे सर्व्हरवर जपून ठेवायला हवा.

फॉर्म बनवणाऱ्या माझ्या सोबत्यांना एक विनंती. लिहिलेला प्रत्येक संदेश फोनवरून एखाद्या नातेवाइकाला वाचून दाखवा. ‘म्हणजे मी आता काय करू?’ असं त्याने विचारलं, तर ते वाक्य पुन्हा लिहा.