कोरा रकाना आणि शेजारचा पाऊस

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिमी पाऊस मोजला गेला आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघा ७३.४ मिमी. समजा, सांताक्रूझचा रकाना त्या दिवशी कोरा राहिला असता आणि कुणी तो कुलाब्याच्या आकड्यावरून भरला असता, तर तो महापूर कागदावर जुलैतला एरवीचाच पाऊस ठरला असता.

तरीही पावसाच्या नोंदींतली भोकं शेजारच्या केंद्रांवरूनच बुजवावी लागतात. निरीक्षक रजेवर असतो, पर्जन्यमापक फुटतो, नोंदवहीचं पान भिजतं. धरणाचा किंवा पिकाच्या पाण्याचा हिशेब मात्र सलग आकडे मागतो.

शेजाऱ्यांची नुसती सरासरी घेणं सपाट मुलुखात चालून जातं, घाटात नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो. घाट उतरून वाईला गेलं की हजारसुद्धा होत नाही. म्हणून प्रत्येक शेजाऱ्याचा त्या दिवसाचा पाऊस त्याच्या वार्षिक सरासरीच्या किती टक्के आहे, ते पाहतात. कल्पनेतलं उदाहरण घेऊ. तीन शेजारी केंद्रांची वार्षिक सरासरी १०००, १५०० आणि ८०० मिमी. त्या दिवशीचा पाऊस ४०, ४५ आणि २४ मिमी. म्हणजे ४, ३ आणि ३ टक्के. यांची सरासरी ३.३३ टक्के. आपल्या केंद्राची वार्षिक सरासरी १२०० मिमी असेल, तर कोऱ्या रकान्यात ४० मिमी येतात. नुसत्या सरासरीने ३६ आले असते.

पण हे गणित करण्याआधी शेजाऱ्यांचे आकडे तपासायला हवेत. भारतात पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजल्याच्या तारखेला लिहितात. त्यामुळे २६ जुलैचा तो पाऊस नोंदीत २७ तारखेला सापडतो. एखादं केंद्र तो आदल्या दिवशी लिहीत असेल, तर त्याचे आकडे सतत एक दिवस पुढे-मागे दिसतात. रांग एक दिवस सरकवली आणि शेजाऱ्यांशी मेळ एकदम बसला, की चूक तिथेच आहे हे समजतं. दुसरी खोड शून्याची. दर रविवारी शून्य आणि सोमवारी भरपूर पाऊस दिसला, तर रविवारी कुणी मोजलंच नव्हतं. सोमवारचा आकडा दोन दिवसांचा आहे.

अवाढव्य आकडा दिसला म्हणून तो लगेच खोडूनही चालत नाही. नुसत्या कुलाब्याशी ताडून पाहिलं असतं तर ९४४ ही लेखनिकाची चूक वाटली असती. पण त्याच चोवीस तासांत विहार तलावावर हजार मिमीहून जास्त पाऊस नोंदला गेला होता.

रीत आपल्या भागात कितपत चालते, हे आजमावण्यासाठी ज्या दिवसांची नोंद हाताशी आहे असे काही दिवस मुद्दाम झाकून ते शेजाऱ्यांवरून काढून पाहतात. महिन्याची बेरीज बहुधा जवळपास जुळते. एकेका दिवसाचा, त्यातही ढगफुटीसारख्या पावसाचा, आकडा चुकतो. म्हणून भरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे ‘अंदाजित’ अशी खूण ठेवतात आणि पुराचा अभ्यास करताना असे दिवस बाजूला काढतात.