पाच पांढऱ्या पट्ट्या

पेटीवर पांढरी तीनला सा धरा. आधी सा, पुन्हा सा, मग कोमल ग, परत सा आणि तिथून मंद्रात उतरत कोमल नि, कोमल ध, प. बोट सात वेळा पडतं, सूर पाचच लागतात आणि काळी पट्टी एकही नाही. पेटी शिकायला लागून महिना झालेला मुलगाही हे वाजवेल. 'सेव्हन नेशन आर्मी' या गाण्याची ही धून जगभरची फुटबॉल मैदानं शब्दांशिवाय, नुसत्या 'पो पो पो'वर गातात.

द व्हाइट स्ट्राइप्स या बँडच्या जॅक व्हाइटला ती 2002च्या जानेवारीत सुचली. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात मेलबर्नच्या कॉर्नर हॉटेलमध्ये कार्यक्रमाआधी आवाज तपासताना तो गिटारवर सहज काहीतरी वाजवत होता. कधी जेम्स बॉण्डच्या सिनेमासाठी विचारणा झालीच तर वापरू, म्हणून त्याने ती बाजूला ठेवली होती; मग तो नाद सोडून 2003च्या 'एलिफंट' या अल्बममध्ये घातली. बँडमध्ये माणसं दोनच होती, तो आणि ड्रम वाजवणारी मेग. बेस वाजवणारं कोणीच नव्हतं. ऐकताना जो बेस वाटतो तो गिटारचाच आवाज आहे, पायाखालच्या पेडलने एक सप्तक खाली उतरवलेला. गाण्याला म्हणावं असं ध्रुवपदही नाही. कडवं संपलं की ही धूनच ध्रुवपदाच्या जागी येते.

ती डोक्यात बसते कशी, हे मात्रा मोजल्या की कळतं. आवर्तन आठ मात्रांचं, म्हणजे आपल्या केरव्याएवढं. पहिला सा समेवर पडून दीड मात्रा रेंगाळतो. दुसरा सा दुसऱ्या मात्रेच्या मधोमध येतो, आपण वाट पाहतो त्याच्या जरा आधी. तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेत ग, सा, नि हे तिघे दाटीवाटीने बसतात. उरलेल्या चार मात्रा ध आणि प निम्म्या-निम्म्या वाटून घेतात. म्हणजे आधी अडखळ, मग धावपळ, शेवटी ऐसपैस उतार. नुसत्या टाळ्या वाजवून दाखवल्या तरी ज्याने धून ऐकलीय तो ओळखतो.

सुरांच्या उड्या तर मोजून घातल्यासारख्या आहेत. सा ते कोमल ग हे अंतर तीन श्रुतींचं नव्हे, पेटीच्या तीन पट्ट्यांचं (काळ्या धरून). ओळीतली सगळ्यात मोठी उडी हीच. पुढे शेजारच्या सुरांवरून पायरीपायरीने उतरणं. याहून मोठी उडी आहे, पण ती लपलेली: शेवटच्या मंद्र प वरून नव्या आवर्तनाच्या सा वर जाताना. त्या प ला दोन मात्रा मिळतात, तेवढ्यात श्वास घेऊन होतो. शिवाय प वर थांबलं की कान आपसूक सा मागतो. त्यामुळे धून संपल्यासारखी वाटतच नाही, ती परत म्हणावीच लागते.

मैदानात ती पोचली ती अशी: 2003च्या ऑक्टोबरात क्लब ब्रुगचे बेल्जियन पाठीराखे ए. सी. मिलानविरुद्धच्या सामन्यासाठी मिलानला गेले होते. तिथे त्यांनी ही धून उचलली, त्यांच्या संघाने सामना 1-0 असा जिंकला आणि ते ती घरी घेऊन गेले. 2006मध्ये रोमाचा संघ ब्रुगला खेळायला आला, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांनी ती इटलीत नेली. त्याच उन्हाळ्यात इटली विश्वविजेती झाली आणि रस्तोरस्ती 'पो पो पो' सुरू झालं.

मैदानात ती टिकते याला एक साधं भौतिक कारणही आहे. शंभर मीटरवरचा आवाज आपल्यापर्यंत यायला साधारण 0.3 सेकंद लागतात. या गाण्याच्या लयीत मधले ते तीन घाईचे सूर जवळपास तेवढ्याच लांबीचे, म्हणून समोरच्या गॅलरीतून ते एकमेकांवर सांडलेलेच ऐकू येतात. ध आणि प मात्र जवळजवळ सेकंदभर टिकतात. विस्कटलेली गर्दी तिथे पुन्हा गोळा होते.

मी पेटीवर दोन मोडतोडी करून पाहिल्या. कोमल ग च्या जागी मध्य सप्तकातला प घेतला. उडी सात पट्ट्यांची झाली. ऐकायला झोकदार, पण घरातल्या गाणं न शिकलेल्या मंडळींना म्हणायला लावलं तर कोणी म वर अडकलं, कोणी ध वर गेलं, आणि पुढचा उतार प्रत्येकाचा वेगळ्या पट्टीत. दुसऱ्या खेपेला सूर तेच ठेवले, फक्त दुसरा सा सरळ दुसऱ्या मात्रेवर आणला आणि मधले तिघे मोकळे केले. सगळ्यांना बिनचूक म्हणता आली. शाळेच्या बँडवर शोभली असती. संध्याकाळी विचारलं तर एकालाही आठवेना.

नवी धून बांधणाऱ्याने हीच परीक्षा घ्यावी: दोनदा ऐकवायची, अर्ध्या दिवसाने म्हणायला सांगायची. ठेका बरोबर पण सूर भरकटले, तर एखादी उडी जास्त झालीय. सूर नीट पण सुरुवात कशी होती तेच आठवत नसेल, तर ठेक्यात खाच नाही. आणि ऐकणारा न सांगता दुसऱ्यांदा म्हणायला लागला, तर पेटी बंद करायला हरकत नाही.